1,299 रुपयांची 'प्युअर सिल्क हातमाग पैठणी': किंमत बघायची की फोटो? ऑनलाइन लिस्टिंग कशी तपासायची

लग्नसराई जवळ आली की घरातल्या व्हॉट्सअप ग्रुपवर हमखास एक लिंक येते, यंदा ती माझ्या वहिनीने टाकली. "प्युअर सिल्क हातमाग पैठणी, 14,999 ची फक्त 1,299 मध्ये, कारखाना बंद होतोय म्हणून स्टॉक क्लिअरन्स, शेवटचे 3 पीस". खाली सहा फोटो आणि फोटो खरंच सुंदर होते, जांभळी साडी, हिरवा पदर, मोर अगदी उठून दिसत होते. वहिनीचं म्हणणं, "अगं किंमत कमी आहे हे मलाही कळतं पण फोटो बघ ना, इतके क्लिअर फोटो टाकलेत, साडी असल्याशिवाय कुठून टाकतील?" हा प्रश्न बऱ्याच जणींच्या मनात असतो म्हणून म्हटलं एकदा नीट सविस्तर लिहावं. माझं माहेर येवल्याचं, लहानपणापासून शेजारच्या घरात माग बघितलेत, त्यामुळे पैठणीवरूनच सांगते.

आधी मुद्द्याचं सांगते. फोटोवरून एवढंच कळतं की अशी साडी जगात कुठेतरी आहे. ती या विक्रेत्याकडे आहे, आणि तीच तुमच्या पार्सलमध्ये भरली जाणार आहे, या दोन गोष्टी फोटोवरून कळत नाहीत. किंमत मात्र बरंच काही सांगते, कारण रेशमाला आणि मजुरीला लागणारा पैसा कोणालाच टाळता येत नाही. म्हणून मी आधी किंमत बघते आणि मग त्या किंमतीला फोटोकडून किती पुरावा मागायचा ते ठरवते. बहुतेक जणी उलटं करतात, फोटोच्या प्रेमात पडतात आणि मग किंमतीला कारणं शोधत बसतात.

पहिलं काम: खोडलेली किंमत विसरा, साडी बनायला काय लागतं ते मांडा

14,999 वर काट मारून 1,299 लिहिलं की डोळ्यासमोर 91 टक्के डिस्काउंट येतो. पण ते 14,999 कोणी ठरवलं? विक्रेत्यानेच. तिथे 40,000 टाकले असते तर डिस्काउंट अजून मोठा दिसला असता, साडी तीच राहिली असती. त्यामुळे टक्क्यांकडे बघूच नका, कागद घ्या आणि ढोबळ हिशोब करा.

ब्लाउज पीससकट सव्वासहा मीटरच्या आसपासची पैठणी, त्यात साधारण अर्धा किलो रेशीम जातं असं धरू. मलबेरी रेशमाचा कच्चा धागा गेल्या काही वर्षांत किलोला चार हजारांच्या आसपास आणि त्याच्याही वर गेलाय. म्हणजे नुसतं रेशीम दोन हजारांचं झालं, त्यात रंगणावळ आणि जरीचा खर्च अजून धरलेलाच नाही. आता मजुरी. अगदी साधा नारळी काठ आणि छोटा पदर असला तरी मागावर आठ-दहा दिवस सहज जातात, मोठ्या पदराला महिना-दीड महिना आणि अंगभर बुट्ट्यांची ब्रोकेड असेल तर कित्येक महिने. दिवसाला 500 रुपये इतकी कमी मजुरी धरली तरी दहा दिवसांचे पाच हजार झाले. म्हणजे साध्यातली साधी खरी हातमागाची पैठणी विणकराच्या घरातच सात-आठ हजारांना पडते, दुकानाचं भाडं आणि नफा त्याच्यावर.

हे आकडे बाजाराप्रमाणे वरखाली होतात पण आपल्याला पैशापैशाचा हिशोब नकोच आहे. आपल्याला फक्त दोन रेषा हव्यात. एक रेषा नुसत्या रेशमाची, म्हणजे दोन-अडीच हजार. दुसरी पूर्ण साडी बनायच्या खर्चाची, म्हणजे सात-आठ हजार. लिस्टिंगची किंमत या दोन रेषांच्या कुठे पडते त्यावर पुढचं सगळं ठरतं.

पहिल्या रेषेच्या खाली किंमत असेल, जशी वहिनीची 1,299, तर नव्या साडीच्या बाबतीत फोटो कितीही चांगले असूदेत त्यांनी काही बदलत नाही. कारखाना बंद होत असला तरी विणकर उरलेलं रेशीम नुसतं विकून याहून जास्त पैसे घेऊ शकतो, मग साडी विणून कमी पैशात का देईल? तेव्हा एकतर काहीच येणार नाही, नाहीतर वेगळंच काही येणार. आणि इथे एक नीट समजून घ्या, 1,299 ही किंमत खरंतर अजिबात कमी नाहीये, पॉवरलूमच्या आर्ट सिल्क म्हणजे कृत्रिम रेशमाच्या सेमी पैठणीची ती सरळ बाजारभावाची किंमत आहे. ती साडी वाईट नसते, हळदीकुंकवाला नेसायला छान दिसते, मी स्वतः घेतलीये. फक्त तिला 'प्युअर सिल्क हातमाग' म्हणून विकणं ही फसवणूक आहे.

दोन्ही रेषांच्या मध्ये किंमत असेल, समजा चार-पाच हजार, तर खरी गंमत तिथे आहे कारण इथे खरं-खोटं दोन्ही असतं. पॉवरलूमची पण शुद्ध रेशमाची पैठणी याच टप्प्यात मिळते, जुना स्टॉक असतो, विणताना दोष राहिलेली किंवा घडीवर रंग उतरलेली साडी असते. इथे फोटोचं काम असं की किंमत कमी का आहे ते कारण त्यात दिसलं पाहिजे. विक्रेता म्हणतो घडीवर रंग गेलाय, तर त्या घडीचा जवळून फोटो हवा. दोष सांगितलाय पण सहाही फोटोंत साडी निर्दोष दिसतेय तर ते फोटो त्या साडीचे नाहीत.

वरच्या रेषेच्या पुढे किंमत गेली की मग नेहमीची तपासणी करायची. किंमत जास्त म्हणजे माल खरा असं अजिबात नाही, 1,500 ची साडी 9,000 ला विकणारेही आहेतच, उलट तिथे संशय येत नाही म्हणून माणूस बेसावध असतो.

एक अपवाद लक्षात ठेवा. कोणी घरातली वापरलेली साडी विकत असेल तर हा हिशोब लागू नाही. आजीची पैठणी कपाटात पडून आहे, नातीला नेसायची नाही, तिने तीन हजार लावले तर ते शक्य आहे कारण तिला खर्च वसूल करायचाच नाहीये. तिथे किंमतीवरून फार कळत नाही, सगळी भिस्त फोटोंवर आणि प्रत्यक्ष बघण्यावर.

दुसरं काम: हे फोटो त्यांचेच आहेत का

फोनमध्ये फोटोचा स्क्रीनशॉट काढा आणि गूगल लेन्समध्ये टाका. पण पूर्ण फोटो टाकला की लेन्स शंभर जांभळ्या साड्या दाखवतं आणि आपण कंटाळून सोडून देतो. म्हणून कापून टाका, फक्त पदराचा एक कोपरा, किंवा साडीच्या मागची भिंत, पाट, पितळी समई, जे काही वेगळं दिसतंय ते. आणि रिझल्टमध्ये "तशीच साडी" शोधायची नाही, "तोच फोटो" शोधायचा. घडी त्याच जागी पडलीये का, सावली त्याच बाजूला आहे का, हे बघितलं की लगेच ओळखू येतं.

वहिनीच्या लिस्टिंगमधला पहिला फोटो मी असा टाकला तर तो एका मोठ्या दुकानाच्या वेबसाइटवर सापडला, तीच घडी, तीच सावली, आणि तिथे किंमत 18,500. दुकानाच्या फोटोत खाली उजवीकडे त्यांचं नाव होतं, आपल्या लिस्टिंगमध्ये नेमका तेवढा भाग कापलेला. इथे एकाच वेळी दोन गोष्टी हातात आल्या, फोटो चोरीचा आहे हे तर कळलंच पण त्या फोटोतली साडी खरी केवढ्याला विकली जाते तेही कळलं.

लेन्सवर काही सापडलं नाही म्हणजे फोटो त्यांचाच असं मात्र समजू नका, रंग बदलला, फोटो उलटा फिरवला, कोणाच्या व्हिडिओतून उचलला की लेन्सला सापडत नाही.

मग काय करायचं, तर सगळे फोटो एकमेकांशी ताडून बघायचे. माझी पद्धत अगदी साधी आहे, मी मोर मोजते. पदराच्या रुंदीत एका ओळीत किती मोर आहेत, पदराच्या कडेला किती पट्टे आहेत, काठाला नारळी आहे की मुनिया, म्हणजे छोटे पोपट. वहिनीला म्हटलं, फोटो झूम कर आणि मोज. पहिल्या फोटोत ओळीत चार मोर होते, तिसऱ्या फोटोत मुलीने खांद्यावर घेतलेल्या पदरात तीनच आणि तेही मोठे मोठे, आणि पाचव्या फोटोत तर काठावर मुनियाच नव्हते. सहा फोटोंत तीन वेगवेगळ्या साड्या. एवढं झाल्यावर तिने स्वतःच फोन बाजूला ठेवला.

फरशी, उजेड, टेबलाचा रंग हेही बघा. खरा विक्रेता बहुतेक एकाच जागी दहा साड्यांचे फोटो काढतो, त्यामुळे त्याच्या पेजवर सगळीकडे तीच चटई, तोच खिडकीचा उजेड दिसतो. पेजवर प्रत्येक साडी वेगळ्या घरात असेल तर ते गोळा केलेले फोटो आहेत.

ग्राहकांनी रिव्ह्यूमध्ये टाकलेले फोटो विक्रेत्याच्या फोटोंपेक्षा जास्त कामाचे. त्यातही पाच स्टारवाले सोडा, दोन आणि तीन स्टारवाले उघडा, तिथे लोक रागाने घरातल्या ट्यूबलाइटखाली काढलेले खरे फोटो टाकतात. फक्त तो रिव्ह्यू याच साडीचा आहे ना ते बघा, कारण कधीकधी वेगळ्याच वस्तूचे जुने रिव्ह्यू त्याच पानावर चिकटलेले असतात.

तिसरं काम: पैठणीत फोटो नेमका कुठला मागायचा

उलट्या बाजूचा. बाकी काही नाही मिळालं तरी चालेल पण पदराची उलटी बाजू मागाच.

कारण असं आहे. हातमागावर पदर विणताना मोराचा प्रत्येक रंग वेगळ्या छोट्या कांडीवर असतो आणि विणकर तो रंग जिथे हवा तेवढ्याच जागेत हाताने घालतो, शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवतो आणि परत फिरवतो. त्यामुळे धागा मागून लांब जातच नाही आणि पदर दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखा दिसतो. जकार्डवर, म्हणजे नक्षी आपोआप उठवणाऱ्या यंत्रावर, विणलेल्या पॉवरलूमच्या पदरात मात्र रंगीत धागा मागून या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो आणि जिथे नको तिथे मागे लोंबतो. मग ते धागे कापतात, किंवा तसेच ठेवतात, किंवा बांगड्यात अडकू नयेत म्हणून मागून जाळी लावतात. समोरून फोटो कितीही सुंदर असला तरी मागून हे लपत नाही, म्हणूनच खोट्या लिस्टिंगमध्ये सहाच्या सहा फोटो समोरून असतात.

जवळून बघितलं तर अजून एक कळतं. हाताने विणलेल्या मोराची कड थोडी पायऱ्यापायऱ्यांची असते आणि शेजारचे दोन मोर हुबेहूब सारखे नसतात, एकाची मान जराशी जाड, एकाचा डोळा एक धागा वर. यंत्रावरचे मोर छापल्यासारखे एकसारखे.

एक सावधगिरी मात्र, ही तपासणी पदरावर करा, काठावर नको. आजकाल खऱ्या हातमागाच्या काही पैठण्यांतही काठ जकार्डवर आणि पदर हाताने असं असतं, त्यामुळे काठाच्या मागे सुटे धागे दिसले म्हणून विणकराला खोटं ठरवू नका.

आता मागायचा कसा? नुसतं "बॅक साइड फोटो पाठवा" म्हटलं तर कोणाचा तरी बॅक साइडचा फोटोही पाठवतील. म्हणून असं सांगा की पदराचा एक कोपरा दुमडून ठेवा म्हणजे सुलटी आणि उलटी बाजू एकाच फोटोत दिसेल, आणि त्यावर एका चिठ्ठीवर हाताने आजची तारीख आणि मी सांगते तो शब्द लिहून ठेवा. मी "गुळपोळी" असं काहीतरी सांगते, जे आधी कोणी लिहून ठेवलेलं नसेल. याहून चांगलं म्हणजे व्हिडिओ कॉल, नाहीतर न कापलेला एक मिनिटाचा व्हिडिओ, खिडकीच्या उजेडात, घडी उघडण्यापासून पदराच्या मागच्या बाजूपर्यंत आणि तिथून सिल्क मार्कच्या लेबलपर्यंत. सिल्क मार्क केंद्रीय रेशीम मंडळाच्या संस्थेकडून मिळतो, त्या लेबलवर होलोग्राम आणि नंबर असतो, तो नंबर वाचता येईल असा दाखवायला सांगा. पण त्यानेही फक्त रेशीम शुद्ध असल्याचं कळतं, हातमाग असल्याचं नाही. हातमागासाठी हँडलूम मार्क वेगळा असतो, आणि पैठणीला 2010 सालापासून जीआय मानांकनही आहे. मात्र लेबलचा फोटोही कोणाचाही उचलता येतो, त्यामुळे ते साडीसोबत एकाच व्हिडिओत दिसायला हवं.

उत्तर काय येतं ते ऐका. "साडी गोडाउनला आहे", "पेजवर व्हिडिओ आहे तो बघा", "आधी बुकिंग करा मग पाठवतो", "मॅडम दुसरं कस्टमर थांबलंय" यातलं काही आलं तर मी तिथेच थांबते. येवल्यातला विणकर असा फोन आला की उलट खूश होतो, मागावर बसल्या बसल्या व्हिडिओ कॉल लावतो आणि तुम्हाला कंटाळा येईपर्यंत पदर दाखवतो.

आता दोन्ही बाजू तोलायच्या कशा, एक दुसरं उदाहरण

वहिनीची लिस्टिंग सोडल्यावर तिला दुसरी एक दिसली. 6,200 रुपये, फोटो तीनच आणि तेही काळपट, सोफ्यावर टाकलेली मोतिया रंगाची साडी, लिहिलेलं एवढंच की हातमाग आहे, दुकानात चार वर्षं पडून आहे, घडीवर रेघ आलीये. वहिनीला ती अजिबात नको होती, "किती घाणेरडे फोटो आहेत" म्हणाली. मला मात्र ही आधीच्यापेक्षा कितीतरी बरी वाटली, कारण किंमत दोन रेषांच्या मध्ये पण वरच्या रेषेच्या जवळ आहे, कमी का आहे ते कारण सांगितलंय, आणि तिसऱ्या फोटोत ती घडीवरची पिवळट रेघ दिसतेय. लेन्सवर कुठे सापडली नाही. चिठ्ठीवाला फोटो मागितला, दुसऱ्या दिवशी सकाळी आला, दुमडलेला कोपरा, मागून स्वच्छ पदर, वर "गुळपोळी" लिहिलेलं, आणि मागे तोच सोफा. मग जीएसटी नंबर मागितला. तो 15 अक्षरांचा असतो, पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे 27, आणि services.gst.gov.in वर टाकला की व्यवसायाचं नाव आणि नोंदणी चालू आहे का ते दिसतं. नाव दुकानाच्या नावाशी जुळलं. घरून एखाद-दोन साड्या विकणाऱ्या छोट्या विणकराकडे जीएसटी नंबर नसूही शकतो, त्यामुळे नाही म्हणजे चोर असं नाही, पण "कारखाना" आणि "होलसेल" म्हणवणाऱ्याकडे नसेल तर विचारा का नाही.

साडी घेतली, आली, खरी निघाली, रेघ आहे पण निऱ्यांत जाते.

समजा 1,299 वाल्याने पण चिठ्ठीचा फोटो पाठवला असता तर? तरी मी घेतली नसती. अशा लोकांकडे दाखवायला एक चांगली नमुन्याची साडी असू शकते, चिठ्ठीने एवढंच कळतं की ती साडी आज त्यांच्याकडे आहे, पार्सलमध्ये काय भरणार ते नाही. साडी हातात आहे हे पटलं तरी ती रेशमाच्या भावाखाली का देतायत हा प्रश्न तसाच राहतो. 6,200 ला तो प्रश्नच नव्हता, म्हणून तिथे चिठ्ठी पुरली.

पैसे देताना आणि पार्सल आल्यावर

कॅश ऑन डिलिव्हरी आहे म्हणजे सेफ, असं खूप जणींना वाटतं. पण बहुतेक वेळा पैसे दिल्याशिवाय पार्सल उघडू देत नाहीत, म्हणजे तुम्ही बंद पाकिटालाच पैसे देता. उघडून बघून घ्यायची सोय असलेली डिलिव्हरी मिळत असेल तर ती घ्या. यूपीआय करताना स्क्रीनवर येणारं नाव बघा, दुकानाचं नाव एक आणि पैसे भलत्याच माणसाच्या खात्यात जातायत तर थांबा. लिस्टिंगचे सगळे फोटो, किंमत आणि 'प्युअर सिल्क हातमाग' हे शब्द दिसतील असे स्क्रीनशॉट ऑर्डर करायच्या आधीच काढून ठेवा, नंतर पान बदललेलं असतं. पार्सल उघडताना लेबलपासून सुरू करून एका दमात व्हिडिओ काढा.

साडी आली की पदराच्या गोंड्यातला एक उभा आणि ब्लाउज पीसच्या कडेचा एक आडवा धागा काढा, जरीचा नको, जरीची तार प्लास्टिकची असेल तर वितळते आणि उगाच घोळ होतो. चिमट्यात धरून सिंकवर जाळा. रेशीम केस जळल्यासारखा वास देतं आणि राख बोटात चुरगळते, पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो, आर्ट सिल्क कागदासारखं भुरुभुरु जळतं. दोन्ही धागे बघायचे कारण कधी उभा रेशमाचा आणि आडवा पॉलिस्टरचा असतो.

वेगळाच माल आला आणि विक्रेता परत घेत नसेल तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा, ते स्क्रीनशॉट आणि व्हिडिओ तिथे लागतात. पैसे घेऊन पेजच गायब झालं असेल तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन, त्याच दिवशी, शक्य असेल तर त्याच तासात, कारण पैसे पुढच्या खात्यात जायच्या आत अडवता आले तरच परत मिळायची आशा असते, आणि सोबत cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा.

वहिनीने ती 1,299 वाली लिंक ग्रुपवरून डिलीट केली आणि खाली दुकानाचा 18,500 वाला फोटो आणि आपला कापलेला फोटो शेजारी शेजारी लावून टाकला. मावशीचा लगेच मेसेज आला, "अगं मी काल रात्रीच ऑर्डर केली." कॅश ऑन डिलिव्हरी होती, पार्सल दारात आलं तेव्हा मावशीने घेतलंच नाही, परत पाठवलं.